लालला आवतण, निळीला मज्जाव: अजरख आणि कलमकारीचं गणित

अजरख नावाचं नक्षीचं कापड ठशांनी छापणारा कारागीर लाल पाकळीचा ठसा उमटवून उचलतो तेव्हा कापडावर लाल काहीच नसतं. मळकट पिवळ्या कापडावर फिकट ओला डाग तेवढा दिसतो. छाप नीट बसला की नाही हे कळावं म्हणून त्या लगद्यात चिमूटभर कच्चा रंग घातलेला असतो, तो पुढे धुऊन जातो. खरा लाल रंग कापडावर चढतो त्यानंतर कित्येक दिवसांनी, तांब्याच्या भांड्यात उकळताना.

कलमकारीतही तेच. आंध्रातल्या श्रीकालहस्तीला कलमाने ओढलेली काळी रेघ कलमात असते तेव्हा काळी नसते, पातळ चहासारखी असते. कापडाला टेकली की डोळ्यांदेखत काळी पडते. दोन्ही कामांत कारागीर रंग लावत नाही. रंगाला कुठे यायचं आणि कुठे यायचं नाही, एवढं तो कापडावर लिहून ठेवतो.

हे समजायला दोन रंगांचे स्वभाव माहीत हवेत.

मंजिष्ठेच्या मुळीतून येणारा लाल रंग सुती धाग्याला आपणहून धरत नाही. नुसतं कापड त्यात उकळलं तर गुलाबी-तपकिरी छटा येते आणि चार धुण्यांत जाते. मधे तुरटी असली की रंगाचा कण तुरटीला धरतो, तुरटी धाग्याला धरते आणि तिघांचं मिळून न विरघळणारं लाल तयार होतं. अशा मधल्या दुव्याला रंगबंधक म्हणतात. जिथे तुरटी तिथे लाल, जिथे नाही तिथे जवळपास कोरं. थोडक्यात, लालला आवतण द्यावं लागतं.

नीळ याच्या उलटी. तिला कुणाचा दुवा लागत नाही. हौदात ती विरघळलेल्या, पिवळट हिरव्या रूपात असते. कापड बुडवून बाहेर काढलं की हवा लागून मिनिटभरात हिरव्याची निळी होते आणि धाग्यात अडकून बसते. ती भेदभाव करत नाही, बुडेल ते सगळं निळं. म्हणून जिथे निळं नको तो भाग आधी झाकावा लागतो. हा मज्जाव म्हणजेच रंगरोधक. अजरखमध्ये तो चुना, गोंद आणि मातीचा असतो, जुन्या कलमकारीत मेणाचा.

मग लालसाठीही झाकूनच का काम करत नाहीत? कारण लालला उकळी लागते. उकळत्या पाण्यात गोंद सुटतो, मेण वितळतं. निळीचा हौद थंड किंवा कोमट असतो, त्यात दोन्ही तग धरतात. दोन रंगांसाठी दोन वेगळ्या तऱ्हा का, याचं उत्तर एवढंच आहे. पुढचे सगळे टप्पे या एका अडचणीभोवती फिरतात.

हिरडा आणि विळी

दोन्ही कामांत पहिला मान हिरड्याचा. कापड हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात भिजवलं की ते पिवळट होतं आणि धाग्यात तुरट द्रव्य उतरतं. तुरटीला धाग्यावर बसायला त्याचा आधार मिळतो आणि लोखंडाशी गाठ पडली की त्याचं काळं होतं. लोखंडी विळीवर कच्चं केळं चिरल्यावर पातं आणि बोटं काळी पडतात, तोच हा खेळ. कलमकारीची आणि अजरखची काळी रेघ म्हणजे कापडावर जागच्या जागी तयार झालेली शाई.

लोखंडाचं पाणी घरचंच असतं. भंगार लोखंड, घोड्याचे नाल, गूळ आणि पाणी एका पिंपात आंबवतात. कच्छमध्ये त्यात थोडं बेसनही घालतात. उन्हाळ्यात आठवड्याभरात होतं, थंडीत तीन आठवडे लागतात. वर फेस आणि साय धरते, आंबूस वास येतो. तयार झालं की नाही हे पाहायला हिरडा दिलेल्या चिंधीवर एक थेंब टाकायचा. लगेच गर्द काळं आलं तर झालं, राखाडी आलं तर अजून थांबायचं. कलमाने रेघ ओढायची तर हे पाणी गाळून तसंच वापरतात. ठशाने छापायचं तर चिंचोक्याच्या पुडीबरोबर शिजवून खळीसारखं दाट करतात, नाहीतर ते ठशावरून ओघळतं.

यात एक घात लपलेला आहे. लोखंड जास्त झालं तर वर्षांनुवर्षांत तेच धागा खातं. संग्रहालयांतल्या जुन्या छिटांत लाल फुलं शाबूत असतात आणि काळ्या रेघेच्या जागी बारीक फट पडलेली दिसते, ती त्यामुळेच.

अजरखच्या एका फुलाचा प्रवास

कच्छमधल्या धमडका आणि अजरखपूर इथल्या खत्री घरांत हे काम चालतं. सिंधमध्ये आणि राजस्थानात बाडमेरलाही चालतं. एक नेहमीचा नमुना घेऊ: पांढऱ्या रेघेने बांधलेलं फूल, त्याची पाकळी लाल, सांध्यांत काळं, भोवतीची जमीन निळी. या चार जागांचं काय काय होतं ते पाहू.

आधी कापडाची तयारी. गिरणीतून आलेल्या कापडात खळ आणि मेणचट अंश असतो, रंग आत शिरत नाही. म्हणून उंटाची लीद, सोडा आणि एरंडेल तेल एकत्र कालवून त्यात कापड मळतात, गठ्ठा बांधून ठेवतात, उन्हात वाळवतात आणि पुन्हा मळतात. असं सात ते नऊ वेळा. पारख साधी आहे: कापडाचा कोपरा पाण्यात चोळला आणि फेस आला, म्हणजे तेल आणि सोड्याचा साबण धाग्यात नीट मुरला. फेस आला नाही तर पुन्हा मळायचं. इथे घाई केली तर पुढे रंग ढगाळ उतरतो आणि दोष मात्र नीळवाल्याला लागतो. मग धुणं आणि हिरडा.

आता पहिला ठसा, पांढऱ्या रेघेचा. चुना आणि बाभळीचा गोंद. चुना विरवून कापडातून गाळलेला हवा, खडा राहिला की ठशाच्या बारीक खाचा बुजतात आणि रेघ तुटते. ही रेघ फुलाची हद्द आखते, पुढचं लोखंड, तुरटी आणि नीळ तिथे धाग्यापर्यंत पोचू देत नाही. अजरख ओळखू येतं ते या नेटक्या पांढऱ्या रेघेवरून. ती नंतर भरलेली नसते, सुरुवातीपासून राखलेली असते.

दुसरा ठसा लोखंडाचा. सांध्यांतल्या जागा लगेच काळ्या होतात.

तिसरा ठसा लाल पाकळीचा, आणि खरी अक्कल इथे लागते. पाकळीला तुरटी द्यायची आहे, पण पुढच्याच टप्प्यात कापड निळीत बुडणार आहे आणि पाकळी निळी होऊन चालणार नाही. म्हणून एकाच लगद्यात तुरटी, माती आणि गोंद कालवतात. कच्छी कारागीर याला ‘गच’ म्हणतात. आवतण आणि मज्जाव एकाच ठशात! तुरटी धाग्यात उतरते, माती आणि गोंद वरून झाकण घालतात. पांढऱ्या रेघेवर चुना-गोंदाचा हात याच वेळी पुन्हा फिरतो. छापून होताच वर वाळलेल्या शेणाची बारीक पूड किंवा लाकडाचा भुसा भुरभुरतात, म्हणजे ओला लगदा फासला जात नाही आणि घडी घातली तरी चिकटत नाही. मग कडक ऊन. पावसाळ्यात हे काम मंदावतं ते इथेच. दमट हवेत गोंद चिकट राहतो आणि हौदात पडताच सुटतो.

निळीच्या जुन्या हौदात नीळ, सज्जीखार, चुना आणि टाकळ्याचं बी असे. आपण पावसाळ्यात भाजी करतो तोच टाकळा. त्याच्या बियांनी हौद आंबतो आणि नीळ विरघळते. आता बरेच ठिकाणी हे काम रसायनाने लवकर उरकतात. कापड हौदात सावकाश सोडतात आणि घासाघीस न करता बाहेर काढतात. आपल्या फुलाची आत्ताची अवस्था अशी: जमीन निळी आणि बाकी सगळं चिखलाने माखलेलं. कुणी पाहुणा या वेळी आला तर त्याला कापड बिघडलं असंच वाटेल.

यानंतरचं धुणं दिसायला साधं, पण लाल रंगाचं भवितव्य तिथे ठरतं. लगदा तर निघायलाच हवा, शिवाय धाग्याला न धरलेली जादाची तुरटीही वाहून जायला हवी. ती राहिली तर पुढे उकळताना आजूबाजूला पसरते आणि पांढरी रेघ गुलाबी होते. म्हणून पाणी वाहतं आणि भरपूर लागतं, आणि ते लोहमुक्त लागतं. पाण्यात लोह असलं की हिरडा प्यालेलं अख्खं कापड करडं होतं आणि लाल विटका, मातकट येतो. अजरखपूर वसलं ते याच कारणाने. 2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचं प्रमाण इतकं वाढलं की बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव थाटलं. कारखाना हलवता येतो, पाणी बदलता येत नाही.

शेवटी लाल. मंजिष्ठा किंवा कारखान्यात बनवलेलं लाल रंगद्रव्य, म्हणजे अलिझरीन, घातलेल्या पाण्यात कापड हळूहळू तापवत नेतात आणि सतत वरखाली करतात. सोबत धायटीची फुलं टाकतात, त्याने कोऱ्या भागावर रंगाचे डाग कमी बसतात. तुरटी प्यालेली पाकळी लाल होते. काळ्या सांध्यावरचं काळं आणखी गडद होतं. निळ्या जमिनीचं काही बिघडत नाही, कारण धाग्यात बसलेली नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. कोऱ्या भागावर चढलेली हलकी गुलाबी झाक उन्हात पाणी शिंपडत वाळवल्यावर उतरते. निळा आणखी गर्द हवा असेल तर लाल-पांढरं पुन्हा गचाने झाकून दुसऱ्यांदा निळीत बुडवतात, त्याला मीनाकारी म्हणतात. सगळे मिळून 14 ते 16 टप्पे होतात.

नक्षी अशीच का, याचं उत्तरही यात सापडतं. एका फुलासाठी तीन-चार ठसे एकमेकांवर तंतोतंत बसवायचे असतात. चौकटीत बसणारी, चारी बाजूंनी सारखी आकृती असली तरच ते साधतं. म्हणून तारे, चक्रं, जाळी, बदाम, खारीक, चंपाकळी. काही अजरख तर दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं. मागच्या बाजूने ठसा तिथेच पडायचा तर नक्षी सममित हवी, नाहीतर आरशातल्यासारखा दुसरा जोड ठसा कोरून घ्यावा लागतो.

कलमकारी: तेच गणित, हातात काडी

कलमकारी या एका नावाखाली आंध्रात दोन निराळी कामं आहेत. श्रीकालहस्तीला कलमाने चितारतात. मछलीपट्टणम आणि त्याजवळच्या पेडनाला सागवानी ठशांनी छापतात. पहिल्यात रामायण-महाभारताचे प्रसंग असतात: मधे मोठं चित्र, भोवती छोट्या पट्ट्यांत कथा, खाली तेलुगूत मजकूर. दुसऱ्यात इराणी बाजारासाठी घडलेली नक्षी: सुरूची झाडं, कोयऱ्या, कमानी, वेलबुट्टी, जीवनवृक्ष. कलमाला जोडणीचं बंधन नाही, म्हणून तिथे रेघ मोकळी फिरते. ठशाला आहे, म्हणून तिथे नक्षी पुन्हा पुन्हा येते.

श्रीकालहस्तीचं कापड हिरड्याबरोबर म्हशीच्या दुधात भिजवतात. दूध मऊपणासाठी नसतं. त्यातला स्निग्धांश धाग्याची पाणी ओढण्याची ओढ मंदावतो, म्हणून पातळ लोखंडी पाण्याची रेघ फुटत नाही. पातळ दूध वापरलं की रेघेला दोन्ही बाजूंनी केस फुटतात, टिपकागदावर शाई पडावी तसे. मग डोळ्याची पापणी आणि मिशी एक होते, आणि ही चूक पुसता येत नाही.

कलम म्हणजे टोकदार बांबूची काडी. टोकाच्या थोडं वर लोकर किंवा चिंधी गुंडाळून दोऱ्याने आवळलेली असते. ही गुंडाळी द्रावण पिऊन ठेवते आणि बोटांनी दाबलं की थेंब टोकाकडे उतरतो. दाब कमी-जास्त करून रेघ जाड-बारीक होते. चिंचेच्या काडीच्या कोळशाने आधी आराखडा काढतात, मग त्यावरून काळी रेघ.

काळं झालं की जिथे लाल हवं तिथे तुरटीचं पाणी कलमाने भरतात. दिवसभर मुरू देऊन वाहत्या पाण्यात धुतात आणि मग लाल उकळतात. मंजिष्ठेच्या जोडीला तेलुगूत ‘चिरिवेरु’ म्हणतात ती मुळी घालण्याची जुनी पद्धत आहे. गचाची गरज इथे नाही, कारण लाल उकळून संपेपर्यंत निळीचा हौद मधे येतच नाही. अजरखमध्ये निळी आधी आणि लाल नंतर; इथे लाल आधी, निळी नंतर. उकळल्यावर पार्श्वभूमी मळकट गुलाबी होते, ती शेणाच्या पाण्यात भिजवून आणि वाळूवर उन्हात पसरून पांढरी करतात. पुन्हा दूध, आणि मग पिवळा. निळ्यावर पिवळा भरला की हिरवा.

निळ्यासाठी पूर्वी इथे मेण वापरत. पाँडिचेरीच्या बाजूला राहिलेल्या कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने 1742 साली या कामाचं तपशीलवार वर्णन मायदेशी लिहून पाठवलं, त्यात ही रीत आहे. निळा जिथे हवा तेवढी जागा सोडून बाकी सगळं कापड वितळलेल्या मेणाने झाकायचं, हौदात बुडवायचं, मग गरम पाण्यात मेण उतरवायचं. दोन इंची निळ्या फुलासाठी कित्येक हात कापड झाकायचं! मेण गार होऊन कडक झालं आणि कापड दुमडलं की त्याला तडे जातात आणि निळीच्या केसांएवढ्या शिरा आत शिरतात. आज श्रीकालहस्तीला निळा रंग सरळ कलमाने भरतात, मेण जवळपास संपलं. खर्च वाचला, पण जुन्या छिटांतला एकसारखा खोल निळा हाताने भरलेल्या निळ्यात सहसा येत नाही. राम-कृष्णाचं अंग निळं भरताना त्यात कलमाचे फटकारे दिसतात. काहींना तेच आवडतं.

मेणाच्या या कामाशी मराठी माणसाचा एक जुना संबंध आहे. तंजावरच्या भोसले घराण्यासाठी कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर गावात साड्या आणि पागोटी बनत. कापडात जरीची बुट्टी विणायची, मग मेणाने रेघा झाकून लालगर्द रंगवायचं, म्हणजे गडद जमिनीवर पांढरी रेघ आणि आतून जर चमकते. राजाश्रय गेला आणि कामही थांबलं.

दुकानात आणि घरी

ब्लाऊजपीस म्हणून सर्रास मिळणारी ‘कलमकारी’ बहुतेक वेळा जाळीने छापलेली, तयार रंगांची असते. त्यात फसवणूक आहेच असं नाही, किंमत त्या मानाने असली की झालं. ओळखायचं तर कापड उलटं करा. वर बसलेला रंग मागे जेमतेम दिसतो आणि बोटाला किंचित रबरी लागतो. बंधकाने चढलेला रंग धाग्यात असतो, मागेही दिसतो आणि स्पर्शाला कापडच लागतं. ठशाच्या कामात वीतभर अंतरावर सांधा सापडतो, तिथे रेघ एखाद्या केसाने सरकलेली असते. कोरी हातकलमकारी दुधाच्या आंबूस वासाने ओळखू येते.

पुसल्यावर हात निळा झाला म्हणजे माल नकली, ही समजूत मात्र चुकीची आहे. खरी नीळ धाग्यावर अडकून बसलेली असते, घासलं की वरचा थर निघतोच. दोन-तीन धुण्यांत ते थांबतं. याउलट लाल सुटू लागला तर तुरटी नीट बसलेली नाही.

डब्यातलं लोणचं सांडलं तर लगेच धुवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांची आंबट धार लोखंडाचं काळं विरघळवते आणि रेघेवर तपकिरी ठिपका राहतो. सोड्याची कडक पावडर लालला जांभळट करते. रिठ्याचं पाणी किंवा सौम्य द्रव साबण, गार पाणी, सावलीत वाळवणं, आणि पहिली दोन धुणी वेगळी. इस्त्री उलट बाजूने.